खाडाखोड जशीच्या तशी : दुकानवही उतरवणाऱ्या नवशिक्यांसाठी

ही मार्गदर्शिका एका विशिष्ट संकटात सापडलेल्या माणसासाठी आहे. माथेरानच्या बाजारपेठेतल्या एखाद्या जुन्या किराणा दुकानाची उधारीची वही त्याच्या हातात पडली आहे. “नुसती टाइप करून द्यायची आहे, अवघड काही नाही,” असे त्याला सांगितले गेले आहे. आणि सगळे ठरून गेल्यावर, निघता निघता, एक अट ऐकवली गेली आहे: जसे लिहिले आहे तसेच उतरले पाहिजे, खाडाखोडीसकट.

सर्वप्रथम आपली लायकी तपासा. तुमचे अक्षर सुंदर असेल, गणित पक्के असेल आणि दुसऱ्याची चूक दिसली की ती प्रेमाने दुरुस्त करण्याची सवय असेल, तर हे काम तुमच्या हातून होणार नाही. शाळेत ज्याला “उत्तर चुकले तरी रीत दाखव” या सूचनेचा राग येत नसे, असा माणूस शोधा. तो सापडला नाही तर पुढे वाचा.

साहित्य. दहापट मोठे दाखवणारे भिंग, छोटी बॅटरी, शिसपेन्सिल आणि कोऱ्या कागदाचे दोन ताव. वहीजवळ शाईचे पेन आणायचे नाही. तुमच्या पेनाचा एक ठिपका हा साठ-सत्तर वर्षांनंतरचा पुरावा ठरेल आणि पुढचा माणूस त्यावर टीप लिहील. स्कॅनर वर नेण्याचा मोह आवरा. दस्तुरीनाक्याच्या पुढे खासगी गाडी जात नाही, म्हणजे तो यंत्राचा पेटारा बहुधा घोड्यावर किंवा हमालाच्या डोक्यावर जाणार. मोबाइलने फोटो काढा, प्रत्येक पानाचे दोन: एक सरळ उजेडात, एक बाजूने तिरका उजेड पाडून. दुसरा फोटो कशाला, हे पुढे कळेल. वही पावसाळ्यात खाली नेऊ नका. माथेरानच्या धुक्यात कागदाला जे व्हायचे ते आधीच होऊन गेलेले असते, त्यात नेरळच्या सरीची भर नको.

पहिली पायरी : रेघ कोणाची?

नवशिका वही उघडतो आणि प्रत्येक रेघेला खोड समजतो. निम्मे काम इथेच बिघडते. दुकानवहीत रेघा पुष्कळ असतात, त्यातल्या थोड्याच चुकीच्या कबुलीजबाबाच्या असतात.

माथेरानची पहिली रेघ मातीची. तिथली जांभ्याची तांबडी धूळ बोटांना लागते आणि बोटे पानावर. हिशेब तपासताना कोणी ओळीवरून बोट फिरवले असेल, तर आकड्यांवरून तांबूस पट्टा जातो आणि तुम्हाला वाटते, लाल शाईने काट मारली. भिंगातून पाहा. शाईची रेघ कागदाच्या तंतूंत मुरलेली असते आणि तिला दोन कडा असतात. माती वर बसलेली असते, तिला कड नसते. मात्र खात्री करण्यासाठी घासू नका. घासल्यावर जे उरते ते तुमचे बोट असते.

दुसरी रेघ पाठीमागची. पातळ कागदावर मागच्या पानाची शाई दमट हवेने पुढे उतरते. ती रेघ आपल्या आकड्यावरून नेमकी गेली की खोड वाटते. पानाखाली कोरा ताव सरकवा, मग पान उचलून उजेडासमोर धरा. मागच्या पानावर तीच रेघ जास्त गडद दिसत असेल, तर तिचा इथल्या आकड्याशी संबंध नाही. एका ठिकाणी शंका आली तर त्याच ओळीत पुढे-मागे पाहा, उलटी अक्षरे दिसू लागतील.

तिसरी रेघ मोडी लिपीची. वही मोडीत असेल, तर लिहिणाऱ्याने ओळीची शिरोरेघ आधी आडवी ओढून घेतली असेल आणि मग तिला अक्षरे लटकवली असतील. शब्द संपल्यावरही रेघ पुढे जाते, कधी रकमेच्या डोक्यावरून. ती खोड नाही.

चौथी रेघ सगळ्यांत फसवी, कारण ती स्वतःच रक्कम असते. दशमान नाणी येण्यापूर्वी आणे लिहिण्याची पद्धत रेघांची होती. उभी एक रेघ म्हणजे पाव रुपया, म्हणजे चार आणे. दोन उभ्या म्हणजे आठ आणे, तीन म्हणजे बारा. उरलेले सुटे आणे बाजूच्या बारीक आडव्या किंवा तिरक्या रेघांनी दाखवायचे, एका आण्याला एक रेघ. म्हणजे सहा आणे लिहायचे तर एक उभी रेघ आणि तिच्याशेजारी दोन आडव्या. नवशिक्याला हे सहा आणे दिसत नाहीत, खरडलेले काहीतरी दिसते आणि तो ते “[खोडलेले, अवाच्य]” म्हणून नोंदवतो. एका रेघेमागे कधी एक आणा, कधी चार, या दराने तो सगळ्या गावाची उधारी माफ करीत जातो.

पाचवी रेघ माणसाला सद्गदित करते. उधारीच्या खात्यावर वरपासून खालपर्यंत तिरकी मोठी रेघ असते, कधी शेजारी “पावले” हा शब्द असतो. ही चूक नव्हे, फेड आहे. पैसे मिळाले, खाते मिटले, म्हणून दुकानदाराने ते मारले. इथे “खोडलेले” अशी नोंद केलीत, तर वाचणाऱ्याला वाटेल की ही उधारी झालीच नव्हती. ज्याने उन्हाळाभर घोडा हाकून ती फेडली त्याचे कष्ट तुम्ही पुसलेत. म्हणून चुकीची खोड आणि मिटवल्याची खोड या दोन वेगळ्या खुणांनी उतरवायच्या. त्या एकत्र केल्या की बाकीचे सगळे अचूक असून उपयोग नाही.

याशिवाय रोजकीर्दीतली रक्कम खतावणीत चढवली की तिच्यापुढे बारीक टिचकी मारतात. ती कधी आकड्याच्या शेपटाला लागते. हिलाही खोड म्हणू नका.

एवढे सगळे वजा करून जी रेघ उरते, ती खोड.

दुसरी पायरी : खालचा थर वाचा

खोडण्याच्या रीती तीन असतात. सरळ माणूस एक आडवी रेघ मारतो आणि वर किंवा बाजूला नवा आकडा लिहितो. जुना आकडा वाचता येतो, तुम्हाला काम राहत नाही. घाईतला माणूस त्याच आकड्यावर गिरवतो, आठाचे सात करतो. ज्याला जुना आकडा कोणाला दिसू द्यायचा नसतो, तो ब्लेडने खरवडतो. खरवडलेल्या जागी कागद लोकरी होतो आणि नवी शाई कडांना फुटते. तिरक्या उजेडातला दुसरा फोटो यासाठी होता: सरळ उजेडात न दिसणारा खड्डा त्यात सावली टाकतो. खरवडलेले वाचता आले नाही, तर तेवढ्या आकड्यांची जागा मोकळी दाखवा आणि किती आकडे असावेत ते लिहा. अंदाजाने आकडा भरणे म्हणजे दुसऱ्यांदा खरवडणे.

गिरवलेल्या आकड्याला मात्र वेळ द्या. त्यात दोन प्रश्न आहेत: आधी काय होते आणि नंतर काय झाले? भिंगाने रेघा एकमेकींना जिथे छेदतात ती जागा पाहा. दोन शाया वेगळ्या असतील तर वरची सलग जाते, खालची तुटल्यासारखी दिसते. एकाच दौतीतली शाई असेल, तर भिंग बहुधा काही सांगत नाही. तेव्हा बेरजेकडे जा. बेरीज खोटे बोलत नाही असे मी म्हणणार नाही, पण ती केली त्या क्षणी आकडा कोणता होता, हे ती सांगते.

एक पान घेऊन पाहू. पान नमुन्यादाखल मी रचले आहे, पण त्यातला हिशेब आणि सरकारी कोष्टक खरे आहे.

समजा खाते एका घोडेवाल्याचे आहे आणि महिना एप्रिल १९५७चा. त्या महिन्याच्या एक तारखेपासून देशात दशमान नाणी सुरू झाली. काल रुपयाचे सोळा आणे होते, आज शंभर नये पैसे झाले. माथेरानचा हंगाम तोंडावर आला आहे आणि दुकानदाराला प्रत्येक जुनी बाकी नव्या नाण्यांत बसवायची आहे.

नावे बाजूला पहिली ओळ मागील बाकीची. तिथे चार रुपये आणि सहा आण्यांच्या त्या रेघा आहेत, त्यावरून एक आडवी खोड आहे. वर लिहिले आहे ४-३७, पण साताच्या पोटात काहीतरी आहे. भिंगातून आठ दिसतो. खाली कोंडा १-२५, गूळ ०-६२ आणि बेरीज ६-२५. समोर जमा बाजूला ६-२४, शेजारी “पावले”, आणि सगळ्या खात्यावरून तिरकी रेघ.

बेरीज करा. ४-३७, १-२५ आणि ०-६२ मिळून ६-२४ होतात. पानावर ६-२५ आहे. इथे तुमच्यातला गणिताचा मास्तर जागा होतो आणि म्हणतो, “एक पैशाची चूक, दुरुस्त करून टाकू.” त्याला बाहेर पाठवा.

सहा आणे म्हणजे नेमके किती नये पैसे? शंभराला सोळाने भागून सहाने गुणले की साडेसदतीस येतात. अर्धा नया पैसा नव्हता, म्हणून सरकारने रूपांतराचे कोष्टक दिले होते आणि त्यात सहा आण्यांपुढे ३७ होते. दोन आण्यांना १२, दहा आण्यांना ६२, चौदा आण्यांना ८७: अर्धा येईल तिथे खालचा आकडा. दुकानदाराने आधी ३८ लिहिले होते, म्हणजे अर्धा वर ढकलला होता. गुळाच्या ओळीत मात्र दहा आण्यांचे ६२च केले होते.

आता ६-२५ ही बेरीज ४-३८ धरल्याशिवाय येत नाही. म्हणजे बेरीज झाली तेव्हा तिथे आठ होता. पण एवढ्यावर थांबू नका. आधी सात, मग आठ, मग बेरीज, असा क्रम असला तरी बेरीज हीच येते. म्हणून पुन्हा भिंग. बेरजेची शाई निळी-काळी आहे. गिरवलेला सात जांभळट आहे आणि “पावले” हा शब्द त्याच जांभळट शाईचा आहे. सात वरचा, आठ खालचा, आणि सात केला गेला तो पैसे घेताना. जमेचे ६-२४ त्याला दुजोरा देतात.

काय घडले असेल, हे आता तुम्हाला दिसू लागेल. घोडेवाला पैसे द्यायला आला, कोष्टक त्याला पाठ होते किंवा खिशात होते. “शेट, सहा आण्याचे सदतीस होतात.” शेटने गुरगुरत आठाचा सात केला, ६-२४ घेतले, खाते मारले. बेरजेला हात लावायचे राहून गेले, किंवा मुद्दाम लावला नाही. हे सगळे संभवते. हे सगळे तुमच्या प्रतीत लिहायचे नाही. प्रतीत फक्त कागदावर जे आहे ते येते, आणि तुमचा तर्क खाली वेगळ्या टिपेत, “बहुधा” या शब्दासकट. बेरीज “बरोबर” करून ६-२४ लिहिलीत, तर हा प्रसंग कोणालाही पुन्हा कळणार नाही, कारण सगळे आकडे जुळतील आणि जुळलेल्या आकड्यांकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही.

तिसरी पायरी : टाइप करणे, अर्थात नवे अपघात

नवशिका वर्ड उघडतो, जुना आकडा टाइप करतो, त्यावर खोडरेघेचे बटण दाबतो, पुढे नवा आकडा लिहितो. पडद्यावर अगदी वहीसारखे दिसते. तो खूश होतो. मग कोणीतरी तो मजकूर उचलून साध्या फाइलमध्ये किंवा संदेशात चिकटवतो. खोडरेघ हे सजावटीचे रूप आहे, अक्षर नव्हे. साध्या मजकुरात चिकटवताना ती गळते. १२५ खोडून १५२ केलेली उधारी १२५१५२ होते. घोडेवाला एका क्षणात लक्षाधीश कर्जदारांत जातो.

दुसरा शहाणा प्रत्येक अक्षरावर रेघ पाडणारे U+0336 हे जोडचिन्ह वापरतो. आकड्यांवर ते बरे बसते. “द्राक्षे” किंवा “ज्वारी” खोडायला जा. चिन्ह अक्षर आणि हलन्ताच्या मध्ये घुसले की जोडाक्षर फुटते आणि खोडलेला शब्द वाचता येत नाही. वहीत तो वाचता येत होता.

म्हणून खोड ही दिसण्याची गोष्ट न ठेवता लिहिण्याची गोष्ट करा. हस्तलिखिते उतरवणारे अभ्यासक टीईआय नावाची खुणांची पद्धत वापरतात. वरची बाकी तिच्यात अशी येते:

```xml
<subst>
  <del rend="strikethrough">४꠰꠴</del>
  <add place="above">४-३<subst>
    <del rend="overwritten">८</del>
    <add place="superimposed">७</add>
  </subst></add>
</subst>
```

घाबरू नका, यात वाक्य एकच आहे: हे काढले, त्या बदल्यात हे घातले, आणि घातलेल्यातही एक आकडा काढून दुसरा घातला. मिटवलेल्या खात्याची तिरकी रेघ इथे `<del>` मध्ये जात नाही. तिला `<metamark>` ही वेगळी खूण आहे, कारण ती मजकूर काढत नाही, त्याच्याबद्दल काही सांगते. आणि लिहिणाऱ्याने तोच आकडा ठळक व्हावा म्हणून गिरवला असेल, आकडा बदललाच नसेल, तर त्याला `<retrace>`. माथेरानमध्ये याची गरज बरीच पडेल: पावसाळ्यात फिकटलेले आकडे हंगाम सुरू होताना पुन्हा गिरवणे ही दुरुस्ती नव्हे, डागडुजी.

आण्यांच्या रेघांसाठी पूर्णविरामाचा दंड आणि बरोबरचे चिन्ह वापरू नका. दिसायला चालते, पण उद्या कोणी मजकुरात शोध घेतला की सहा आणे म्हणजे एक संपलेले वाक्य आणि एक अपुरे समीकरण होते. युनिकोडमध्ये या रेघांना स्वतःची जागा आहे: पाव रुपयाला U+A830, दोन आण्यांना U+A834. मोबाइलवर त्याजागी चौकट दिसली, तर चूक तुमची नाही, त्या फाँटची आहे. चौकट पाहून परत दंड घालू नका.

खुणा टाइप करण्याइतका धीर नसेल, तर साध्या मजकुरात दुहेरी चौकोनी कंस वापरा, ⟦ ⟧, आणि पहिल्या पानावर लिहा की कंसातले वहीत खोडलेले आहे. गिरवलेल्यासाठी, वर लिहिलेल्यासाठी आणि मिटवलेल्यासाठी वेगळ्या खुणा ठरवा, त्या त्याच पानावर नोंदवा, आणि चाळिसाव्या पानावर कंटाळून बदलू नका.

चौथी पायरी : मालक

वहीचे आजचे मालक, म्हणजे लिहिणाऱ्याचे नातू, चहा घेऊन येतील आणि तुमच्या खांद्यावरून वाकतील. “अहो सर, बेरीज चुकलीय की इथे. आजोबांचं नाव खराब व्हायचं. तेवढं २४ करून टाका.” त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना सांगा की ज्या वहीत एकही खोड नाही, ती नंतर नव्याने लिहून काढली असा संशय येतो. आजोबांची पत त्या खाडाखोडीने राखली आहे.

ते कायद्याचे विचारतील, कारण जुनी वही बाहेर काढली की जागेचा वाद कुठेतरी असतोच. तेवढे माहीत असू द्या: नियमित ठेवलेल्या हिशेबवह्यांतल्या नोंदी पुराव्यात प्रस्तुत धरल्या जातात, पण नुसत्या नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही. पूर्वी हे १८७२च्या पुरावा कायद्याच्या ३४व्या कलमात होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २८व्या कलमात आहे. तुमची टाइप केलेली प्रत ही मूळ वही नव्हे, हेही सांगा. ती काढून दिली म्हणून वही वाळवीला द्यायची नाही.

दुसरी विनंती अवघड असते. “ते नाव खोडलेलंच आहे ना? मग राहू दे. त्यांची सून समोरच दुकान चालवते.” इथे मालकांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. खोडलेले नाव तुमच्या प्रतीत राहील, पण ती प्रत कोणाला दाखवायची हे त्यांनी ठरवावे. छापायची वेळ आली, तर नावाच्या जागी खूण घाला आणि खूण घातली असे लिहा. गुपचूप गाळू नका.

पाचवी पायरी : पडताळा

स्वतःची प्रत स्वतः तपासू नका. जो आकडा तुम्ही एकदा सात वाचला, तो तुम्हाला जन्मभर सात दिसेल. दोघांनी बसा. एकाने वही वाचायची, दुसऱ्याने प्रत पाहायची, आणि वाचताना खोडही उच्चारायची: “खोड सुरू, चार रुपये सहा आणे, खोड संपली, वर चार रुपये, तीन, मग गिरवलेला, खाली आठ, वर सात.” शेजारच्या दुकानात हे ऐकू जाईल आणि लोक मालकांना तुमच्या तब्येतीविषयी विचारतील. वाचायचे थांबवू नका.

शेवटी अशा कोणाला तरी बोलवा ज्याने वही पाहिलेली नाही. त्याच्या हातात तुमची प्रत आणि तो दुसरा कोरा ताव द्या आणि प्रतीवरून मूळ पान काढायला सांगा, रेघांसकट. मग त्याचा ताव वहीशेजारी ठेवा. त्याने सहा आण्यांच्या रेघांवर आडवी खोड काढली, सात वर आणि आठ पोटात काढला, तिरकी रेघ सगळ्या खात्यावरून नेली आणि बेरजेत ६-२५ लिहिले, तर पान झाले, पुढचे घ्या. त्याने बेरजेत ६-२४ लिहिले असेल, तर आधी त्याला विचारा की हे प्रतीत होते की त्याने मनाने केले. बहुतेक वेळा तो गणिताचा शिक्षक निघतो.